तेल कोणतं, आणि किती?

अमेरिकेत गेली काही वर्षं एक वाद पेटला आहे. बियांपासून काढलेली तेलं हेच लठ्ठपणाचं, मधुमेहाचं आणि हृदयविकाराचं मूळ आहे, असं एक गट ठासून सांगतो. रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर यांनी आरोग्यमंत्री होण्याआधी, २०२४ साली, या तेलांमुळे अमेरिकी लोकांवर नकळत विषप्रयोग होत असल्याचं म्हटलं होतं. त्यानंतर तिथल्या काही उपाहारगृहांनी बटाट्याचे काप तेलाऐवजी गाईच्या चरबीत तळायला सुरुवात केली. हा वाद आता आपल्या मोबाइलवरही येऊन पोचला आहे. ‘सूर्यफुलाचं तेल म्हणजे विष’, ‘रिफाइंड बंद करा, घाण्याचं आणा’ असे निरोप घरोघरी फिरतात आणि वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला नेमकं काय घ्यावं ते कळेनासं होतं.

मुळात ज्या आठ तेलांवर हा गट तुटून पडतो त्यांत सूर्यफूल आहे, करडई आहे, सोयाबीन, मका, सरकी आहे आणि तांदळाच्या कोंड्याचं तेलही आहे. शेंगदाणा आणि मोहरी त्या यादीत सहसा नसतात. खरं तर शेंगदाणा आणि मोहरी याही बियाच, आणि कोंडा मात्र बी नव्हे, भाताच्या दाण्यावरचा थर. म्हणजे आक्षेप बियांवर नाही. आक्षेप एका विशिष्ट घटकावर आहे, आणि तो घटक या चार तेलांमध्ये फार वेगवेगळ्या प्रमाणात असतो. ते समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो.

या घटकाचं नाव लिनोलेइक आम्ल. ओमेगा-६ म्हणतात तो हाच. कोणतंही खाद्यतेल ही तीन प्रकारच्या स्निग्धाम्लांची सरमिसळ असते. संपृक्त म्हणजे तुपात आणि खोबरेल तेलात भरपूर असतं ते, थंडीत गोठतं. एकच दुहेरी बंध असलेलं ओलेइक आम्ल बऱ्यापैकी टिकाऊ असतं. आणि दोन किंवा अधिक दुहेरी बंध असलेली आम्लं शरीराला आवश्यक असतात, ती शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, पण हवेशी आणि उष्णतेशी त्यांचं फारसं जमत नाही. लिनोलेइक या तिसऱ्या गटातलं.

आता चार तेलं शेजारी शेजारी ठेवून पाहू. नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक सुमारे ६० टक्के असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते ३० टक्क्यांच्या आसपास आणि निम्म्याच्या जवळपास ओलेइक. कोंड्याच्या तेलाची घडण शेंगदाण्याच्या जवळची आहे: लिनोलेइक एक तृतीयांश, ओलेइक ४० टक्क्यांच्या वर, संपृक्त एक पंचमांश. मोहरीचं तेल या तिघांहून निराळं. त्यात संपृक्त फार कमी, लिनोलेइक १५ टक्क्यांच्या आसपास, आणि ओमेगा-३ गटातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल सुमारे १० टक्के. उरलेल्या तीन तेलांत हे ओमेगा-३ नसल्यात जमा. मोहरीच्या पारंपरिक वाणांत ४० ते ५० टक्के इरुसिक आम्लही असतं. त्याबद्दल पुढे येईलच.

विरोधकांचा मुख्य युक्तिवाद असा : लिनोलेइकपासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनतं, त्यापासून दाह वाढवणारी रसायनं बनतात, म्हणून जास्त लिनोलेइक म्हणजे जास्त दाह. कागदावर साखळी बरोबर दिसते. पण माणसांना जास्त लिनोलेइक देऊन रक्त तपासलं, तेव्हा अ‍ॅराकिडोनिकची पातळी फारशी हललीच नाही. शरीर या रूपांतराला लगाम घालतं. दाहाचे रक्तातले निदर्शकही अशा प्रयोगांत सहसा वाढले नाहीत. दाहाचा मुद्दा या घडीला तरी टिकत नाही.

तरीही वाद निराधार आहे असं म्हणता येणार नाही, कारण दोन जुने प्रयोग विरोधकांच्या बाजूने उभे आहेत. त्यातला पहिला आपल्याला विशेष जवळचा, कारण त्यात वापरलेलं तेल होतं करडईचं. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या ४५८ पुरुषांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना लोणी आणि चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन खायला सांगितलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाले. ही सगळी आकडेवारी पुन्हा शोधून काढून २०१३ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली आणि तिथून वादाला धार आली. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, १९६८ ते १९७३ चा, नऊ हजारांहून अधिक लोकांचा. तिथे मक्याचं तेल दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

दुसऱ्या पारड्यात याहून जास्त पुरावा आहे. लॉस एंजेलिसच्या निवृत्त सैनिकांवरचा आणि फिनलंडमधल्या रुग्णालयांतला प्रयोग, आणि त्यानंतर अनेक देशांतल्या हजारो लोकांच्या रक्तातलं लिनोलेइक मोजून केलेली पाहणी. या सगळ्यांत संपृक्त स्निग्धाची जागा लिनोलेइकने घेतली तेव्हा हृदयविकार कमी झालेला दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हा सगळा पुरावा तपासून लोणी-चरबीपेक्षा अशी तेलं हितकर असल्याचा निर्वाळा दिला.

मग सिडनीत उलटं का झालं? मार्गारिनमध्ये त्या काळी ट्रान्स फॅट असे, हे एक कारण सांगितलं जातं. पण दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे : मात्रा. सिडनीतल्या त्या गटाला रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के, आणि मिनेसोटात सुमारे १३ टक्के ऊर्जा लिनोलेइकमधून मिळावी असा आहार होता, आणि त्याच्या सोबतीला ओमेगा-३ जवळपास नव्हतं. अन्न आणि शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये सगळी बहुअसंपृक्त आम्लं मिळून ६ ते ११ टक्के ऊर्जेची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे वादाचा निवाडा साधारण असा करता येतो : बेताचं लिनोलेइक हितकर; त्याचा अतिरेक, तोही ओमेगा-३ शिवाय, शंकास्पद.

हा अतिरेक आपल्या घरात होतो का, हे हिशेब करून पाहता येतं. चौघांचं एक कुटुंब धरा. महिन्याला सूर्यफुलाच्या तेलाचा ५ लिटरचा एक डबा लागतो. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅम, म्हणजे डब्यात साडेचार किलोहून थोडं जास्त. चौघांत आणि ३० दिवसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम. त्यातलं ६० टक्के, म्हणजे जवळपास २३ ग्रॅम लिनोलेइक. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून सुमारे २०५ कॅलरी. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे १० टक्क्यांच्या थोडं वर जातं. यात ज्वारी, गहू, डाळी, शेंगदाण्याचं कूट यांतून येणारे आणखी दोन-तीन टक्के मिळवा. बेरीज १२-१३ टक्के. म्हणजे कुणी काही अतिरेकी न करता, रोजचा वरणभात आणि भाजी-पोळी खात असताना, हे कुटुंब मिनेसोटाच्या प्रयोगाच्या शेजारी जाऊन बसलं आहे.

आता दोनच बदल करू. पहिला, तेलाचं प्रमाण. राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या आहारात रोज साधारण २७ ग्रॅम तेल-तूप सुचवलं आहे. चौघांसाठी महिन्याचं हे गणित साडेतीन लिटरवर येतं. दुसरा बदल, त्यातलं बहुतेक तेल शेंगदाण्याचं आणि कोंड्याचं. मग माणशी लिनोलेइक साडेआठ ग्रॅमच्या आसपास येतं, ऊर्जेच्या चार टक्के, आणि धान्य-डाळींचं धरून सहा-सात टक्के. तज्ज्ञांच्या मर्यादेत अगदी व्यवस्थित. दीड लिटर तेल कमी झाल्याने बरंच काम होतं, पण त्याहून जास्त काम तेलाचा प्रकार बदलल्याने होतं. ज्या घरात डबा वीस दिवसांत संपतो तिथे तर प्रकार बदलण्याबरोबर तेल कमी करणंही तितकंच गरजेचं.

ओमेगा-३ चा प्रश्न मात्र उरतो. बंगाली किंवा बिहारी स्वयंपाकात तो मोहरीच्या तेलाने सुटतो. रोजचं ११ ग्रॅम मोहरीचं तेल, म्हणजे अडीच चमचे, गरजेपुरतं ओमेगा-३ देऊन जातं. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडते, तिचं तेल मात्र फारसं वापरात नाही, आणि ज्यांना त्याचा उग्र वास झेपत नाही त्यांनी ते जबरदस्तीने आणायचं कारण नाही. आपल्याकडे जवस आहे. भाजून कुटलेल्या जवसाच्या पाच-सहा ग्रॅम चटणीत, म्हणजे भाकरीबरोबर घेतो तितक्या दोन चमच्यांत, दिवसाचं ओमेगा-३ मिळतं. जवस अख्खा खाल्ला तर दाणे बहुतेक तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटायलाच हवा. आणि कुटलेली चटणी लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.

मोहरीच्या तेलाबद्दलच्या दोन शंका इथेच निकालात काढलेल्या बऱ्या. इरुसिक आम्ल हे पहिलं. १९७० च्या दशकात उंदरांना ते भरपूर दिल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबी साठली. त्यामुळे अमेरिकेत हे तेल स्वयंपाकासाठी विकायला परवानगी नाही. तिथल्या भारतीय दुकानांतल्या बाटल्यांवर ‘फक्त बाहेरून वापरासाठी’ असं छापलेलं असतं आणि आपली माणसं ते खातात. पण उंदीर हे आम्ल नीट पचवू शकत नाहीत. माणसांत तसा अपाय झाल्याचं दिसलेलं नाही आणि पूर्व व उत्तर भारतात पिढ्यान् पिढ्या हे तेल खाल्लं जातं. सावधगिरी म्हणून रोजचं सगळं तेल मोहरीचं ठेवण्यापेक्षा एका भागापुरतं ठेवणं शहाणपणाचं.

दुसरी शंका मात्र खरीखुरी आणि जीवघेणी. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातून विषबाधा होऊन सुमारे ६० माणसं गेली आणि हजारो आजारी पडली. कारण होतं पिवळा धोतरा. शेतात आपोआप उगवणाऱ्या या काटेरी तणाच्या बिया दिसायला मोहरीसारख्याच असतात आणि त्यांच्या तेलातलं विष रक्तवाहिन्या सैल करतं. आधी पायांना सूज, मग धाप, मग हृदय थकतं. भेसळ साध्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल टाकल्यावर तांबूस रंग येतो तेव्हा कळतं. म्हणून मोहरीचं तेल सुटं घेऊ नये, सीलबंद आणि परवाना क्रमांक असलेलंच घ्यावं. घरातल्या एकाहून अधिक माणसांचे पाय एकाच वेळी सुजले तर तेलाचा डबा बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावं.

आता तळणीकडे वळू, कारण तेलाचं खरं नुकसान तिथे होतं. लिनोलेइकमधले दोन दुहेरी बंध आणि त्यांच्या मधला कर्ब हीच त्याची नाजूक जागा. उष्णता आणि हवा मिळाली की तिथून तुटातूट सुरू होते, आणि ती ओलेइकपेक्षा कित्येक पट वेगाने होते. त्यातून अल्डिहाइड्स नावाची अपायकारक संयुगं तयार होतात. ‘सूर्यफुलाचं तेल २२५ अंशांवर धुरतं, मग तळणीत काय बिघडतं?’ असं विचारलं जातं. चकली, शंकरपाळी, पुऱ्या १७० ते १८० अंशांवर तळल्या जातात, धूर येण्याच्या कितीतरी खाली. पण धूर हा मोडतोडीचा पहिला इशारा नसतो. तेल धुरायच्या आधीच, मुक्यानेच बिघडत जातं, आणि तितक्याच तापमानावर तासभर ठेवलेलं सूर्यफुलाचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा जास्त बिघडतं. म्हणून तळणीला शेंगदाण्याचं किंवा कोंड्याचं तेल बरं. सूर्यफुलाच्या बियांपासूनच काढलेलं ‘हाय ओलेइक’ तेल मिळतं, ते तळणीला चालतं, पण ते पिशवीवर तसं लिहिलेलं असायला हवं.

खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलाला एक हद्द आखून दिली आहे: तेल मोडून तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपर्यंत गेली की ते तेल खाण्यातून बाद. घरी हे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतात. तेल गडद होतं आणि बोटांत धरलं तर चिकट लागतं. तळायला टाकल्यावर पदार्थाभोवती बारीक, न विरणारा फेस धरतो. धूर पूर्वीपेक्षा लवकर येतो. फरसाणाला जुन्या तेलाचा कडवट, ऑइलपेंटसारखा वास येतो. यातलं काहीही दिसलं की ते तेल संपलं. दिवाळीत मात्र नेमकं उलटं होतं : चकल्यांचं तेल झाऱ्याने गाळून, त्यात नवीन तेल घालून दुसऱ्या दिवशी शेव तळतात आणि तिसऱ्या दिवशी करंज्या. जुन्या तेलात नवं घातलं की नवंही लवकर बिघडतं. त्यापेक्षा लहान कढईत, लागेल तेवढंच तेल घेऊन तळावं. उरलेलं गाळून दोन दिवसांच्या आत फोडणीत आणि भाजीत संपवावं, पुन्हा तळायला घेऊ नये. आणि टपरीवरचा वडा खाताना कढईतल्या तेलाचा रंग एकदा पाहून घ्यावा.

रिफाइंड की घाण्याचं, हा राहिलेला प्रश्न. रिफाइनरीत तेलातला चिकटपणा काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, मातीने रंग शोषतात, आणि शेवटी निर्वात भांड्यात २०० अंशांवरच्या वाफेने वास काढतात. यात ई जीवनसत्त्वाचा आणि चवीचा काही भाग जातो, हे खरं. पण विष आत शिरतं असं नाही. उलट, शेंगदाण्यावर बुरशी असेल तर तिचं अफ्लाटॉक्सिन विष रिफाइनिंगमध्ये बहुतांश निघून जातं आणि घाण्याच्या तेलात ते उतरू शकतं. म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यायचं तर घाणेवाल्याकडे दाणे स्वतः पाहावेत. कुबट वासाचे, काळपट पडलेले, सुरकुतलेले दाणे घाण्यात जात असतील तर ‘लाकडी घाणा’ या पाटीला काही अर्थ नाही. चांगल्या दाण्याचं घाण्याचं तेल मात्र पिठलं, भरली वांगी, ठेचा यांना जी चव देतं ती रिफाइंडमध्ये मिळत नाही. ते महिन्याभरात संपेल इतकंच घ्यावं, कारण ते रिफाइंडपेक्षा लवकर खवट होतं.

कोंड्याच्या तेलाला मात्र रिफाइनिंगशिवाय इलाज नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांतून निघणाऱ्या कोंड्यात एक विकर असतं. गिरणीतून बाहेर पडल्या क्षणापासून ते तेल आंबट करायला लागतं. त्यामुळे कोंडा ताबडतोब वाफवून किंवा तापवून द्रावकाने तेल काढावं लागतं, घाण्याला ते जमत नाही. या तेलाचं वैशिष्ट्य म्हणजे ओरायझेनॉल. ते कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं आणि तेलाला टिकाऊपणा देतं. पण सोड्याने केलेल्या रिफाइनिंगमध्ये त्यातलं बरंचसं साबणाच्या गाळात निघून जातं. वाफेने आम्लता काढली तर ते तेलात राहतं. पिशवीवर ओरायझेनॉलचं प्रमाण छापलेलं असेल तेच कोंड्याचं तेल घ्यावं. नाही तर जास्त पैसे कशाचे मोजले ते कळत नाही.

तेव्हा पुढच्या महिन्याची यादी करताना चौघांच्या घरासाठी अशी मांडणी करता येईल : रोजच्या फोडणीला आणि भाजीला दोन लिटर शेंगदाण्याचं, तळणीला आणि पोळीला एक लिटर कोंड्याचं, आणि आवडत असेल तर उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये मोहरीचं किंवा सूर्यफुलाचं. जवस पाऊण किलो. सूर्यफुलाचं तेल घरात शिल्लक असेल तर ते फेकायची गरज नाही. ते फोडणीत संपवावं, तळणीत घालू नये. आणि डब्यावर घरात आणल्याची तारीख लिहून ठेवावी. महिना संपायच्या आधी तो संपला, तर कमी काय करायचं ते त्या तारखेवरूनच समजेल.